क्रिएटिनचे 28 दिवस : वजनाची वही, रक्ताचा रिपोर्ट आणि माझ्या शंका



गेल्या महिनाभरात मला फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "ते पांढरं पावडर तुम्ही घेताय म्हणे, ते आपल्याला चालतं का?" त्यानंतरचा प्रश्न, "आणि त्यानं मूत्रपिंड खराब होत नाही का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला स्वतःलाही हवी होती. म्हणून 15 जानेवारी ते 11 फेब्रुवारी असे 28 दिवस मी क्रिएटिन घेतलं, त्याआधीचे दोन आठवडे नुसती मोजमापं घेतली आणि सगळं एका वहीत लिहून ठेवलं. त्या वहीत जे आहे तेच इथं सांगते.

आधी माझी परिस्थिती. वय 52, पाळी थांबून तीन वर्षं झाली. साखर नाही, रक्तदाब नाही. सामायिकाला मांडी घालून बसले की उठताना हात टेकावा लागायला लागला, तेव्हा आठ महिन्यांपूर्वी व्यायाम सुरू केला. आमच्या गल्लीतल्या एक ताई डंबेलचा व्यायाम शिकवतात, आठवड्यातून दोन दिवस. पहिले पाच महिने छान प्रगती झाली आणि मग गाडी एका जागी थांबली. छातीशी 10 किलोचं डंबेल धरून जितक्या बैठका डिसेंबरच्या सुरुवातीला होत होत्या, तितक्याच महिनाअखेरीलाही होत होत्या. ताईंनी क्रिएटिनचं नाव काढलं आणि मी लगेच विचारलं, "कशापासून बनतं?"

नावातच मांस आहे, मग डब्यात काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा होता. 1832 साली शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हा पदार्थ पहिल्यांदा मांसाच्या अर्कातून वेगळा काढला आणि ग्रीक भाषेत मांसाला जो शब्द आहे, 'क्रेआस', त्यावरून त्याचं नाव पडलं. आहारातून क्रिएटिन मिळतं तेही मुख्यतः मांस आणि मासे यांतूनच. दुधात असतं, पण अगदी नावापुरतं.

पण आपल्या प्रत्येकीच्या शरीरात आज, या क्षणी, क्रिएटिन आहे. मूत्रपिंड आणि यकृत मिळून ते तीन अमिनो आम्लांपासून घरच्या घरीच बनवतात, दिवसाला साधारण 1 ग्रॅम. म्हणजे हा पदार्थ परका नाही. मांस खाणाऱ्यांना वरून आणखी 1 ग्रॅमच्या आसपास आहारातून मिळतं आणि आपल्याला ते मिळत नाही, एवढाच फरक. त्यामुळे शाकाहारी माणसांच्या स्नायूंमधला क्रिएटिनचा साठा मांसाहारी माणसांपेक्षा कमी असतो, हे तपासण्यांतून दिसलेलं आहे. आजारी पडण्याइतका कमी नाही, पण डब्यात भरायला जागा जास्त शिल्लक असते.

आता बाजारातल्या पावडरीबद्दल. ती मांसापासून काढत नाहीत. कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांची पाण्यात अभिक्रिया घडवून क्रिएटिन तयार करतात, मग ते गाळून, धुऊन, वाळवून बारीक दळतात. 'सायनामाइड' वाचून माझ्या नणंदेनं फोनवर "अगंबाई, सायनाइड?" असं विचारलं होतं. नाही, ते वेगळं. आणि तयार पावडरीत ते कच्च्या मालाच्या रूपात उरलेलं नसतं. धुण्याची पायरी त्यासाठीच असते.

म्हणजे मूळ पावडर आपल्याला अडचणीची नाही. अडचण येते ती तिच्या सोबत्यांची. कॅप्सूल घेतली तर तिचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं असतं. चघळायच्या रंगीत गोळ्या निघाल्या आहेत, त्यांतही जिलेटिन असू शकतं. चवीच्या पावडरींत रंग, स्वाद आणि आणखी काय काय असतं, त्याची यादी वाचता वाचता डोळे दुखतात. म्हणून मी ठरवलं : बिनचवीची, एकाच घटकाची पावडर, घटकांच्या यादीत 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' एवढं एकच नाव आणि वर हिरवा ठिपका. त्याउपर तीन कंपन्यांना पत्र लिहून विचारलं की कच्चा माल रासायनिकच आहे ना, त्याच यंत्रावर प्राणिज पदार्थ भरले जातात का आणि शुद्धतेचा तपासणी अहवाल मिळेल का. दोघांनी उत्तर दिलं, त्यांतल्या एकाने अहवालही पाठवला. ज्याने अहवाल पाठवला त्याचा डबा घेतला. 250 ग्रॅम, 700 रुपये. रोजचे 3 ग्रॅम धरले तर दिवसाला साडेआठ रुपयांच्या आतच.

चालतं की नाही हा निर्णय ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे घ्यावा. माझ्या सासूबाई औषधाशिवाय कारखान्यातलं काही तोंडात घालत नाहीत. त्यांनी "मला नको, पण तू घेतेस तर नीट बघून घे" एवढंच सांगितलं आणि मला ते बरोबर वाटलं.

पावडर पोटात गेल्यावर काय करते

हे कळल्याशिवाय काय मोजायचं तेच कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो जी शक्ती वापरतो, तिचा हाताशी असलेला साठा दोन-तीन सेकंदांत संपतो. मग ती लगेच भरून काढण्याचं काम क्रिएटिन करतं. ओट्यावर साखरेचा छोटा डबा असतो आणि कोठीत मोठा असतो, तसं समजा. चहा उकळत असताना कोणी कोठीत जात नाही, ओट्यावरच्याच डब्यात चमचा घालतो. क्रिएटिन हा ओट्यावरचा डबा. जोराच्या कामात तो साधारण दहा सेकंद पुरतो, मग शरीराला कोठीत जावं लागतं आणि काम मंदावतं. तुम्ही दोन मिनिटं थांबलात की ओट्यावरचा डबा पुन्हा बराचसा भरतो.

पावडर घेतल्याने हा छोटा डबा थोडा मोठा होतो. म्हणून फायदा दिसायचा तर तो थोडक्या वेळाच्या, जोराच्या आणि पुन्हा पुन्हा करायच्या कामात दिसणार. वजन उचलणं, खुर्चीवरून भराभर उठणं, दोन जिने झपझप चढणं. कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर सावकाश चढायचा असेल तर त्यात कोठीतलीच साखर लागते, तिथं याचा फारसा उपयोग नाही. आणि नुसतं पावडर घेऊन बसून राहिलं तर मोठ्या डब्याचा काहीच उपयोग नाही, हे तर उघड आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या उपवासांसाठी महत्त्वाची आहे. स्नायूंतल्या क्रिएटिनपैकी दिवसाला फक्त दीड-दोन टक्के खर्च होतं. म्हणून भरायलाही वेळ लागतो आणि रिकामं व्हायलाही. खेळाडू पहिले पाच-सात दिवस रोज 20 ग्रॅम घेऊन आठवड्यात डबा भरतात. रोज 3 ग्रॅम घेतलं तर तेवढाच भरायला चार आठवडे लागतात. मला घाई नव्हती आणि एकदम जास्त घेतलं की पोट बिघडतं असं वाचलं होतं, म्हणून मी 3 ग्रॅमचा रस्ता धरला. 28 दिवसच का, याचं उत्तरही हेच.

माझ्या 28 दिवसांत तीन एकाशनं आली आणि एक चतुर्दशीचा पूर्ण उपवास. एकाशनाच्या दिवशी जेवणासोबत घेतलं. उपवासाच्या दिवशी घेतलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दुप्पटही घेतलं नाही. एका दिवसात दीड-दोन टक्के उतरतं, ते दोन-चार दिवसांत भरून येतं. व्रत मोडायचं कारण नाही आणि मनाला चुटपूट लावून घ्यायचंही नाही.

कसं घेतलं

रोज सकाळी नाश्त्याबरोबर, उकळून कोमट केलेल्या एक पेला पाण्यात. थंड पाण्यात ते नीट विरघळत नाही, तळाला बारीक रव्यासारखं बसतं. कोमट पाण्यात चांगलं विरघळतं. चव काहीच नाही. कालवून ठेवायचं नाही, विशेषतः ताकात किंवा लिंबूपाण्यात. आंबट आणि ओल्या ठिकाणी पडून राहिलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन होतं आणि ते स्नायूंना उपयोगाचं नाही. कालवा आणि प्या.

डब्यातला चमचा 5 ग्रॅमचा होता आणि तो कधी सपाट, कधी शीगभर भरला की एका ग्रॅमचा फरक सहज पडायचा. म्हणून मी दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर 3 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. 28 दिवसांत 27 पुड्या लागल्या, म्हणजे 81 ग्रॅम.

सकाळची वेळ निवडली त्यामागे कारण आहे. सूर्यास्तानंतर मी पाणी घेत नाही आणि क्रिएटिन स्नायूंमध्ये जाताना सोबत पाणी ओढून नेतं. दिवसभर पाणी प्यायला वेळ मिळावा म्हणून सकाळीच. पाण्याचं प्रमाण मी दिवसाला दोन पेल्यांनी वाढवलं.

मोजमापं

मी तीनच गोष्टी मोजल्या. दहा गोष्टी मोजल्या की त्यांतली एक तरी आपोआप सुधारलेली दिसते आणि मन तिलाच धरून बसतं.

पहिलं, वजन. रोज सकाळी, प्रातर्विधी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. पण रोजचा आकडा खोटं बोलतो. माझं वजन एकाच आठवड्यात काही न करता एक किलोनं वरखाली होतं, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी तर 800 ग्रॅम उतरलेलं होतं. म्हणून सात दिवसांची सरासरी. आधीचे दोन आठवडे 61.3 आणि 61.5 किलो. सुरू केल्यावर चार आठवडे ओळीनं 61.7, 62.0, 62.2 आणि 62.3. म्हणजे साधारण 900 ग्रॅमची वाढ. कमरेचा घेर बेंबीपाशी आधी 84 सेंटीमीटर होता, शेवटी 84 च. बांगड्या घट्ट झाल्या नाहीत, पाय सुजले नाहीत. ही वाढ बहुतेक स्नायूंतल्या पाण्याची आहे, चरबीची नाही. एका महिन्यात 900 ग्रॅम नवा स्नायू 52 व्या वर्षी येत नाही, त्यामुळे "माझे स्नायू वाढले" असंही मी म्हणणार नाही.

दुसरं, खुर्चीवरून उठबस. दोन्ही हात छातीशी धरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजायचं. डायनिंगची तीच खुर्ची, भिंतीला टेकवलेली. लेक घड्याळ बघायची आणि मोजायची, मी नाही. आधीच्या दोन आठवड्यांत चार वेळा केलं : 15, 16, 17, 17. शेवटच्या आठवड्यात दोनदा केलं : 18 आणि 17. बघा, क्रिएटिन सुरू होण्याआधीच मी 15 वरून 17 वर गेले होते, फक्त सवयीनं. मी 15 वर सुरुवात धरून 18 वर शेवट दाखवला असता तर केवढी मोठी प्रगती वाटली असती! खरं तर 17 वरून 17-18, म्हणजे काही नाही. या मोजमापात मला फायदा दिसला नाही.

तिसरं, बैठका. 10 किलोचं डंबेल छातीशी, जितक्या नीट होतील तितक्या, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच वाजता, ताईंच्या देखरेखीखाली. बैठक अर्धवट राहिली तर त्या मोजत नसत. आधीच्या चार दिवसांची तिन्ही फेऱ्यांची बेरीज 27, 29, 28, 28. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात 28, 27. दुसऱ्यात 29, 31. तिसऱ्यात 30, 32. चौथ्यात 34, 33.

बेरजेपेक्षा मला फोड जास्त बोलकी वाटली. आधी साधारण 12, 9, 7 व्हायच्या. शेवटच्या सोमवारी 13, 11, 10 झाल्या. पहिल्या फेरीत फक्त एक वाढली. ताजेपणी मी होते तितकीच ताकदवान आहे. पण तिसऱ्या फेरीत, जिथं आधी पाय थरथरायचे, तिथं तीन वाढल्या. ओट्यावरचा डबा मोठा झाला आणि दोन मिनिटांत जास्त भरला, तर फरक नेमका इथंच दिसायला हवा. पहिल्याच आठवड्यात काही झालं नाही आणि हळूहळू चढलं, हेही सावकाश भरणाऱ्या साठ्याशी जुळतं.

रक्ताचा रिपोर्ट

आता ज्या गोष्टीनं घरात दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, ती सांगते. सुरू करण्याआधी 13 जानेवारीला आणि संपल्यावर 12 फेब्रुवारीला मी मूत्रपिंडाची तपासणी केली. दोन्ही वेळी आदल्या दिवशी व्यायाम नाही, त्याच प्रयोगशाळेत, सकाळी उपाशीपोटी.

आधी क्रिएटिनिन 0.74 होतं, नंतर 0.88 आलं. दोन्ही आकडे स्त्रियांच्या नेहमीच्या मर्यादेतच आहेत. पण रिपोर्टवर खाली आणखी एक आकडा छापतात, मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त गाळतं त्याचा अंदाज. तो 97 वरून 79 वर आलेला होता. हे डोळ्यांवर चष्मा चढवून तीनदा वाचून म्हणाले, "बंद कर आधी. एका महिन्यात अठरा गेले." त्यांच्या मोठ्या भावाचं डायलिसिस आम्ही चार वर्षं जवळून पाहिलंय, त्यामुळे त्या आवाजातली भीती मला कळत होती. मलाही भीती वाटलीच.

पण तो गाळण्याचा आकडा कोणी मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून सूत्रानं काढलेला असतो. सूत्र असं धरून चालतं की क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंड ते कमी बाहेर टाकतंय. पण क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनचाच कचरा. शरीरात क्रिएटिनचा साठा वाढला की रोजचा कचराही वाढतो. घरात पाहुणे आले म्हणून केराची बादली जास्त भरते, केरवाला आळशी झाला म्हणून नाही. नुसत्या बादलीकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

तो कळण्यासाठी दुसरी तपासणी आहे, सिस्टॅटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्याचा क्रिएटिनशी संबंध नाही आणि तेही मूत्रपिंडच गाळतं. आमच्या डॉक्टरांना मी पुडीपासून वहीपर्यंत सगळं दाखवलं. त्यांनी लघवीतल्या प्रथिनाची आणि सिस्टॅटिन सीची तपासणी करायला सांगितली. लघवीत प्रथिन नाही. सिस्टॅटिन सी 0.81 आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा आकडा 99. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाबतीत बादली जास्त भरतेय, एवढंच." केरवाल्याचा दाखला मीच दिला होता, त्यांनी तो उचलला.

यातून मी एक गोष्ट पक्की केली. इथून पुढं कुठल्याही डॉक्टरांकडे गेले, कुठलीही रक्ततपासणी केली, तरी "मी क्रिएटिन घेते" हे आधी सांगायचं. न सांगता रिपोर्ट दाखवला तर समोरचा डॉक्टर उगाच काळजीत पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरोखर काही बिघडलं तर "पावडरीमुळं असेल" म्हणून आपणच सोडून देऊ.

माझ्या शंका

बैठका 28 वरून 33-34 वर गेल्या, म्हणजे पावडरीनंच गेल्या का? मला खात्री नाही आणि का नाही ते सांगते.

मला माहीत होतं की मी काय घेतेय. माणसाला वाटतं की आज जास्त होईल आणि तो खरंच आणखी एक रेटतो. हे टाळायला संशोधक अर्ध्या लोकांना तशीच दिसणारी दुसरी पांढरी पावडर देतात आणि कोणाला काय दिलं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. घरात एकटीवर हे नीट करता येत नाही. लेकीनं सुचवलं, "आई, दोन आठवडे हे, दोन आठवडे पिठीसाखर, मी पुड्या बांधते." पण एकदा भरलेला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. पिठीसाखरेच्या दोन आठवड्यांतही आधीचं क्रिएटिन काम करतच राहिलं असतं आणि निकाल गढूळ झाला असता.

दुसरं, आठ महिने मी व्यायाम करतेच आहे. थांबलेली गाडी त्याच महिन्यात आपोआप पुढं सरकली असेल, हेही शक्य आहे. जानेवारीत पाहुणे नव्हते, लग्न नव्हतं, एकही सोमवार-गुरुवार चुकला नाही. डिसेंबरात दोन चुकले होते.

पावडरीच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. वजन आणि क्रिएटिनिन दोन्ही अपेक्षेप्रमाणे सरकले आणि ते माझ्या उत्साहानं सरकत नाहीत, म्हणजे पावडर स्नायूंपर्यंत पोचली हे नक्की. आणि फायदा पहिल्या फेरीत नाही तर तिसऱ्या फेरीत दिसला. नुसता उत्साह असता तर तो पहिल्या फेरीतच जास्त दिसला असता, असं मला वाटतं. पण एका बाईच्या एका महिन्यावरून याहून जास्त काही म्हणता येत नाही.

काय बदललं, काय नाही

सामायिकावरून उठताना हात टेकणं बरंच कमी झालंय, पण ते डिसेंबरपर्यंतच कमी झालं होतं. त्याचं श्रेय व्यायामाला. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, तो तसाच कुरकुरतो. झोप तशीच. चेहऱ्यावर, केसांत काही फरक नाही. पोटाला त्रास झाला नाही.

हाडांबद्दल बऱ्याच जणी विचारतात, कारण आपल्या वयात तीच मोठी धास्ती. पाळी थांबलेल्या स्त्रियांवर दोन वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीत, व्यायामासोबत क्रिएटिन घेऊनही हाडांची घनता वाढलेली दिसली नाही. म्हणून हाडांसाठी म्हणून कोणी हा डबा विकत असेल तर घेऊ नका.

ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा मूत्रपिंडावर ताण येणारी औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनीही घेऊ नये, त्यांच्याबद्दल पुरेशी माहितीच नाही. जी व्यायाम करत नाही तिनं आधी तीन महिने व्यायाम करावा, साडेआठ रुपये वाचतील. आणि ज्यांना महिन्याभरात 900 ग्रॅम वजन वाढलेलं बघवत नाही, त्यांनी काट्यावर रोज उभं राहू नये.

माझं पुढचं ठरलं आहे. 12 फेब्रुवारीपासून पुड्या बंद केल्या आहेत. सहा आठवडे व्यायाम तोच, डंबेल तेच, वार आणि वेळ तीच, मोजणाऱ्या ताईही त्याच. साठा उतरला की तिसऱ्या फेरीतल्या बैठका 10 वरून पुन्हा 7 वर येतात का, ते बघायचं. आल्या तर पावडरीचं काम होतं. नाही आल्या तर ते माझ्या पायांचं काम होतं आणि डब्यातली उरलेली 169 ग्रॅम पावडर मी ताईंना देऊन टाकेन. क्रिएटिनिनही तेव्हा पुन्हा तपासणार आहे. ते 0.74 च्या आसपास परत आलं पाहिजे, कारण हे त्याच आकड्याची वाट बघत आहेत.